‘बायोडाटा द्या’ म्हणजे नेमकं काय द्यायचं?

आपल्याकडे लग्नाला बायोडाटा, नोकरीला बायोडाटा आणि कार्यक्रमात बोलायला बोलावलं तरी ‘बायोडाटा पाठवा’ म्हणतात. शब्द एकच, कागद मात्र वेगवेगळे. म्हणून आधी विचारायचं, हा कागद कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार?

समजा, मिरज तालुक्यातल्या एका गटातली ताई आहे. बारावी पास, सहा वर्षं गटाची कोषाध्यक्ष, घरी शिवणकाम करते. तिला मिरजेत एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामासाठी अर्ज करायचाय. इथे लागतो रेझ्युमे. तो एका पानाचा असावा. वर नाव आणि मोबाईल नंबर, मग काम, सगळ्यात अलीकडचं आधी, आणि खाली शिक्षण. रास, गोत्र, उंची हे लग्नाच्या कागदात, इथे नको. ‘बचत गटात काम केले’ एवढ्यावर दवाखान्याला काही कळत नाही. ‘सहा वर्षे दहा महिलांच्या बचतीचा हिशेब लिहिते, दरमहा बँकेत भरणा करते’ असं लिहिलं की पैसे आणि नोंदी हिला सांभाळता येतात, हे समजतं.

याच पानाच्या डोक्यावर दोन-तीन ओळींचा सारांश असतो. खालचं वाचायचं की नाही, हे वाचणारा त्यावरून ठरवतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी लिहायचा आणि काम बदललं की बदलायचा. दवाखान्यासाठी त्यात हिशेब आधी येईल, कपड्यांच्या कारखान्यासाठी शिवणकाम.

आता याच ताईला 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, बोलायला बोलावलं. तिथे हवा परिचय, म्हणजे बायो. तो दुसरी कुणीतरी माईकवर वाचणार, म्हणून ‘मी’ नाही, ‘त्या’ असं लिहायचं. चार-पाच वाक्यं पुरतात. आपल्या शेजारच्या माण तालुक्याचं बघा. चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये म्हसवडला माण देशी महिला सहकारी बँक सुरू केली आणि 2018 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या त्या सहअध्यक्ष होत्या. एवढ्यात ओळख होते. दहावीचे टक्के कुणी विचारत नाही.

चौथा कागद प्रोफाइल. गट कर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा एका ताईची नाही, सगळ्या गटाची माहिती लागते. गट कधी सुरू झाला, सदस्य किती, दरमहा बचत किती, अंतर्गत कर्ज किती दिलं, किती परत आलं. प्रत्येक आकड्यापुढे ‘अमुक तारखेअखेर’ लिहायचं. हे आकडे पासबुकाशी आणि गटाच्या वहीशी जुळले नाहीत, तर साहेब तिथेच थांबतात. म्हणून मागच्या वर्षीचं प्रोफाइल तसंच झेरॉक्स करून देऊ नका.

थोडक्यात, काम मागायला रेझ्युमे, त्याच्या डोक्यावर सारांश, ओळख करून द्यायला परिचय आणि गटाच्या व्यवहाराला प्रोफाइल.