दरवर्षी वाढणारा हप्ता आणि वीस वर्षांनंतरची शिल्लक

म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करताना फॉर्मवर ‘टॉप-अप’ची एक जागा असते. काही ठिकाणी तिला ‘स्टेप-अप’ म्हणतात. दरवर्षी हप्ता कितीने वाढवायचा, एवढंच तिथे लिहायचं असतं. पाच हजारांपासून सुरुवात केली आणि तिथे दहा टक्के लिहिले, तर दुसऱ्या वर्षी हप्ता साडेपाच हजार होतो, तिसऱ्या वर्षी सहा हजार पन्नास, आणि पुढेही तो असाच आपोआप चढत जातो. अशा योजनेच्या तक्त्यात शेवटचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. तो कसा आला आणि त्यात आपल्या खिशातले पैसे किती, हे कळल्याशिवाय त्या जागेत काहीही लिहू नये, असं माझं मत आहे. आणि हे गणित वाटतं तितकं अवघड नाही.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलीच्या हाती महिन्याला ४०,००० रुपये येतात. ती ५,००० रुपयांची एसआयपी सुरू करते. हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेल आणि मुदत वीस वर्षांची. परतावा वर्षाला दहा टक्के धरू. फंड असा परतावा कबूल करत नाही, शेअर बाजारात तो एका वर्षी वीस टक्के असेल, तर दुसऱ्या वर्षी उणेही असेल. पण हिशेबाला काहीतरी धरावं लागतं, आणि दहा टक्के धरण्यामागे एक कारण आहे, ते लगेच दिसेल.

आधी फक्त पहिलं वर्ष घेऊ. ५,००० रुपयांचे बारा हप्ते म्हणजे ६०,००० रुपये. जानेवारीचा हप्ता पूर्ण वर्षभर वाढतो, डिसेंबरचा जेमतेम महिनाभर. प्रत्येक हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला, तर वर्षाअखेर या सगळ्यांचे मिळून ६३,२०३ रुपये होतात. एक्सेलमध्ये हा आकडा एका ओळीत निघतो:

```
=FV(1.1^(1/12)-1, 12, -5000, 0, 1)
```

यात शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला. पहिल्या कंसातला भाग म्हणजे वर्षाला दहा टक्के पडावेत यासाठी लागणारा महिन्याचा दर, जवळपास ०.८० टक्के.

आता ही रक्कम पुढची एकोणीस वर्षं तशीच पडून वाढते. दहा टक्क्यांनी एकोणीस वर्षांत रुपयाचे ६.११६ रुपये होतात, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पैशाचे शेवटी सुमारे ३,८६,५४२ रुपये. दुसऱ्या वर्षी हप्ता साडेपाच हजार, त्यामुळे त्या वर्षाअखेर ६९,५२३ रुपये जमतात. त्यांना वाढायला अठराच वर्षं मिळतात. अठरा वर्षांत रुपयाचे ५.५६ होतात. गुणाकार करा, उत्तर पुन्हा ३,८६,५४२. थेट विसाव्या वर्षावर उडी मारली, तर हप्ता ३०,५८० रुपयांवर पोहोचलेला असतो. त्या वर्षीचे हप्ते आणि त्यांवरची थोडी वाढ मिळून पुन्हा तेच ३,८६,५४२ रुपये.

हा योगायोग नाही. हप्ता जितक्या टक्क्यांनी वाढतो तितक्याच टक्क्यांनी पैसाही वाढत असेल, तर उशिरा आलेल्या वर्षाने एका वर्षाचा परतावा गमावलेला असतो आणि नेमका तेवढाच तो हप्त्यात जास्त भरलेला असतो. म्हणून प्रत्येक वर्षाचा शेवटच्या रकमेतला वाटा सारखा होतो. वीस वर्षं, वीस सारखे वाटे: ३,८६,५४२ गुणिले वीस म्हणजे सुमारे ७७ लाख ३१ हजार रुपये. परतावा दहा टक्के धरला तो यासाठी. ही मांडणी एकदा डोक्यात बसली की पुढचे बरेच प्रश्न कागद-पेन्सिलीवर सुटतात.

उदाहरणार्थ, एक वाढ चुकली तर काय? सहाव्या वर्षी घरात आजारपण निघालं आणि हप्ता वाढवला नाही, तो पाचव्या वर्षाइतकाच ठेवला. सातव्या वर्षापासून पुन्हा दहा टक्क्यांची वाढ सुरू केली. फक्त एकच वर्ष थांबलो, असं वाटतं. पण सहाव्यापासून विसाव्यापर्यंतचे पंधराही हप्ते आता मूळ हप्त्यांपेक्षा एका पायरीने खाली आहेत. पंधरा वाट्यांपैकी प्रत्येकाचा अकरावा हिस्सा गेला. शेवटच्या रकमेत सुमारे ५ लाख २७ हजारांची घट येते. यातले पावणेतीन लाखांच्या आसपास रुपये आपण भरलेच नाहीत, ते खिशातच राहिले, हेही खरं. तरी चुकलेली वाढ पुढच्या वर्षी भरून काढायची असेल, तर त्या वर्षी दहा नव्हे, एकवीस टक्के वाढवावे लागतात.

आता ७७ लाखांकडे जरा कठोरपणे पाहू. अनेकदा शेजारी साध्या एसआयपीचा आकडा ठेवलेला असतो: ५,००० रुपये वीस वर्षं न वाढवता भरले, तर ३६ लाख २० हजार. फरक दुपटीहून मोठा दिसतो. पण साध्या एसआयपीत तिने एकूण १२ लाख भरले, वाढत्या एसआयपीत ३४ लाख ३७ हजार. जवळजवळ तिप्पट पैसे घातल्यावर दुपटीहून थोडं जास्त हाती आलं, असं ते वाचायला हवं. तेच ३४ लाख ३७ हजार रुपये वीस वर्षांत सारखे वाटून, म्हणजे पहिल्या महिन्यापासून दरमहा सुमारे १४,३१९ रुपये भरले असते, तर रक्कम १ कोटी ३ लाखांच्या वर गेली असती. कारण मोठे हप्ते शेवटी आले की त्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

मग वाढत्या हप्त्याचा उपयोग काय? योग्य तुलना अशी करावी. ७७ लाख ३१ हजारच हवे असतील आणि हप्ता कायम ठेवायचा असेल, तर पहिल्या महिन्यापासून १०,६७८ रुपये भरावे लागतील. चाळीस हजारांच्या पगारात, घरभाडं आणि गावाकडे पाठवायचे पैसे बाजूला काढल्यावर ते शक्य नसतं. पाच हजार शक्य असतात. वाढती एसआयपी पैसा जास्त वाढवत नाही, ती आज न झेपणारा भार उद्याच्या पगारावर ढकलते. ज्याला आजच दहा हजार झेपतात, त्याने आजच दहा हजार भरावेत.

फॉर्मवर आणखी एक निवड असते, आणि घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. वाढ टक्क्यांत हवी की रुपयांत? पाच हजारांवर दहा टक्के म्हणजे पाचशे, म्हणून कुणी सरळ ‘५०० रुपये’ लिहितं. दुसऱ्या वर्षी दोन्हींत काहीच फरक नसतो. पण पाचशेंनी वाढणारा हप्ता विसाव्या वर्षी १४,५०० वर असतो, दहा टक्क्यांचा ३०,५८० वर. शेवटची रक्कम ५९ लाख ७६ हजार होते, म्हणजे साडेसतरा लाखांनी कमी. दोन्हींपैकी एक पर्याय चूक आहे असं नाही, पण आपण कोणता निवडला हे माहीत असायला हवं.

परतावा आणि वाढ यांचे दर वेगळे असले की वाटे सारखे राहत नाहीत. तेव्हा हे सूत्र लागतं, त्यात F म्हणजे पहिल्या वर्षाअखेर जमलेली रक्कम, r वार्षिक परतावा, g हप्त्याची वार्षिक वाढ आणि n वर्षं:

```
F * ((1+r)^n - (1+g)^n) / (r - g)
```

दोन्ही दर सारखे टाकले तर इथे शून्याने भागावं लागतं आणि एक्सेल चूक दाखवतं. तेव्हा आपली वीस वाट्यांची रीत वापरायची. याच सूत्राने परतावा बारा टक्के धरला तर शिल्लक सुमारे ९३ लाख येते, आठ टक्के धरला तर साडेचौसष्ट लाखांच्या आसपास. दोन टक्के इकडे-तिकडे झाले तरी रक्कम बारा-पंधरा लाखांनी हलते, म्हणून कुणी शेवटचा आकडा रुपयापर्यंत सांगितला तर तो कोणत्या दराने काढला हे आधी विचारावं. दर तोच असूनही दोन ठिकाणी उत्तरं वेगळी आली, तर बहुधा कारण असं असतं: एकाने वार्षिक दहा टक्क्यांना बाराने भागून महिन्याचा दर घेतला. तसं केलं की महिन्याच्या चक्रवाढीमुळे वर्षाचा परतावा दहा नव्हे, १०.४७ टक्के होतो. आपल्या उदाहरणात एवढ्यानेच शिल्लक ७७ ऐवजी जवळपास ८१ लाख दिसते.

महागाईचाही हिशेब करावा. ती वर्षाला सहा टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या ७७ लाख ३१ हजारांची आजची किंमत २४ लाखांच्या थोडी वर भरते. मुलांच्या शिक्षणाचं किंवा निवृत्तीचं उद्दिष्ट ठरवताना हा दुसरा आकडा समोर ठेवावा.

शेवटचा प्रश्न झेपण्याचा. तिचा पगार वर्षाला सात टक्क्यांनी वाढला आणि हप्ता दहा टक्क्यांनी, तर पहिल्या वर्षी पगाराचा आठवा भाग असलेला हप्ता विसाव्या वर्षी पाचव्या भागाच्याही वर जातो. ते जड वाटत असेल तर टॉप-अपला कमाल हप्त्याची मर्यादा घालण्याची सोय अनेक फंडांत असते, किंवा वाढीचा दरच पगारवाढीच्या जवळ, सात टक्के ठेवता येतो. आणि बँकेला दिलेलं मँडेट तपासा. त्यावर कमाल रक्कम लिहिलेली असते, त्यापेक्षा मोठा हप्ता खात्यातून वळता होत नाही. कुणी सुरुवातीला दहा हजारांची मर्यादा लिहिली, तर या उदाहरणातला हप्ता नवव्या वर्षी १०,७१८ होताच अडतो. म्हणून मँडेटवर आजचा हप्ता पाहून रक्कम लिहू नका. मुदतीच्या शेवटच्या वर्षाचा हप्ता काढा, इथे तो ३०,५८० आहे, आणि त्याच्या थोडी वर, ३५,००० रुपयांची मर्यादा लिहा.