उशीर का झाला, हे कसे सांगावे?

मागच्या वेळी आपण ‘कारण’ आणि ‘समर्थन’ यांतला फरक पाहिला. आज तोच फरक एका अगदी रुक्ष कागदावर पाहू. धर्मादाय न्यासाने आयकर खात्याला लिहिलेला अर्ज.

2021 साली अनेक न्यासांना कलम 12एबीखाली पाच वर्षांची नोंदणी मिळाली. तिची मुदत 31 मार्च 2026ला संपणार होती. 1961च्या कायद्याप्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने, म्हणजे 30 सप्टेंबर 2025पर्यंत, फॉर्म 10एबीमध्ये करायचा होता. लोक मार्च लक्षात ठेवतात आणि सप्टेंबर निसटतो.

हे नुसते सवलत जाण्यापुरते नाही बरं का. कलम 115टीडीखाली न्यासाच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर कमाल दराने कर लागू शकतो. गावच्या वाचनालयाची जागा आज 60 लाखांची आणि देणी 5 लाखांची असतील, तर हिशेब 55 लाखांवर. हातात रोकड मात्र काहीच नाही!

1 ऑक्टोबर 2024पासून आयुक्तांना अधिकार मिळाला: ‘वाजवी कारण’ दिसले तर विलंब माफ करायचा, आणि मग अर्ज मुदतीत आला असेच समजायचे. तेव्हा पत्र आयुक्तांच्या, म्हणजे सूट विभागाच्या नावे, फॉर्मसोबत जोडून द्यायचे.

आता हे वाचनालय धरू. अर्ज गेला 12 डिसेंबरला; विलंब 73 दिवसांचा. बहुतेक विश्वस्त लिहितात, ‘आमची संस्था पन्नास वर्षे सेवा करते आहे.’ खरे असेल, पण तो उशिराचा खुलासा नव्हे. कार्याची माहिती फॉर्ममध्ये जातेच. पत्रात दिवसांचा हिशेब हवा. चिटणीस 8 सप्टेंबरपासून रुग्णालयात होते, दाखला जोडला. पोर्टलवर जुन्या हिशेबनिसाचा ईमेल होता, त्याची प्रत जोडली. 20 नोव्हेंबरला नव्या हिशेबनिसाने जुना आदेश पाहिला तेव्हा चूक कळली. पुढचे 22 दिवस ठराव, ताळेबंद आणि विश्वस्ताची डिजिटल सही मिळवण्यात गेले. कळल्यानंतरचे हे दिवस बहुतेक जण गाळतात, आणि अधिकारी नेमके तिथेच बोट ठेवतो. ‘कायदा माहीत नव्हता’ एवढेच लिहिले, तर ते फार दुबळे कारण ठरते.

गंमत पाहा, मराठीत ‘सबब’ म्हणजे बहाणाही आणि ‘म्हणून’ही. कागदांनी दुसरा अर्थ सिद्ध केला, की मग शेवटी लिहायचे: ‘सबब, 73 दिवसांचा विलंब माफ करून अर्ज मुदतीत दाखल झाल्याचे मानावे व त्यावर गुणवत्तेनुसार निर्णय द्यावा, ही विनंती. आवश्यक वाटल्यास सुनावणीची संधी मिळावी.’