शेवटचं वाक्य वर न्या

निबंध, लेख किंवा अहवाल लिहून झाला की आपण शुद्धलेखन तपासतो, एखादा शब्द बदलतो आणि मोकळे होतो. परिच्छेदाच्या आतली वाक्यं मात्र सुचली त्या क्रमानेच राहून जातात. लिहिणाऱ्याला जो क्रम सुचला तोच वाचणाऱ्याला समजायला सोपा असेल, असं सहसा घडत नाही.

समजा, रोजगार हमी योजनेवर लेख लिहायचा आहे. मूळ मुद्दा असा, की या योजनेने दुष्काळी मदतीचं रूपांतर हक्कात केलं. पहिल्या खर्ड्यातला एक परिच्छेद साधारण असा उतरतो:

‘१९७२च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांना योजनेचे जनक म्हणतात. १९७९पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मागणी करूनही पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता देणं बंधनकारक झालं. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. त्यामुळे काम ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही. पुढे २००५मध्ये केंद्रानेही असा कायदा केला.’

यात चूक माहिती एकही नाही, तरी वाचून हाती काही लागत नाही. अशा वेळी प्रत्येक वाक्यासमोर समासात दोन-तीन शब्दांत लिहावं, की हे वाक्य इथे काय काम करतं. दुष्काळाचं वाक्य ‘पार्श्वभूमी’, पाग्यांचं ‘कल्पना कुणाची’, भत्त्याचं ‘पुरावा’, कराचं ‘पैसा कुठून’, मेहेरबानीचं ‘दावा’ आणि केंद्राचं ‘पुढे काय झालं’. एकाच परिच्छेदात एवढी निरनिराळी कामं निघाली, की घोटाळा कुठे आहे ते समासातच दिसतं.

यातला दावा, म्हणजे या परिच्छेदाचं मुख्य वाक्य, पाचव्या जागी दडलेलं आहे. हे फार वेळा होतं, कारण लिहिता लिहिता विचार पक्का होतो आणि तो शेवटाकडे सापडतो. ते वाक्य उचलून वर आणायचं. पण उचलताना त्याच्या सुरुवातीचा ‘त्यामुळे’ सोडून द्यावा लागतो. मुळात तो जागेवरही फसवाच होता: करामुळे मेहेरबानी संपली, असा अर्थ त्यातून निघत होता. वाक्यं हलवली की ‘त्यामुळे’, ‘हा’, ‘त्यांनी’ असे शब्द आधी तपासावेत. ते जुन्या शेजाऱ्याकडेच बोट दाखवत राहतात.

मग पुरावा. पंधरा दिवस आणि भत्ता हा इथला खरा पुरावा, तो लगेच दुसऱ्या जागी येतो. आता चिकित्सक वाचक विचारेल, की भत्ता खरोखर किती जणांच्या हातात पडला? आपल्याकडे पुरावा आहे तो कायद्यातल्या तरतुदीचा, प्रत्यक्ष वाटपाचा नाही. म्हणून दावाही तेवढाच हवा. ‘मेहेरबानी राहिली नाही’च्या आधी ‘कायद्यापुरती तरी’ हे दोन शब्द घातले, की मुख्य वाक्य आणि पुरावा एका मापाचे होतात. माझ्या मते क्रम बदलण्याचा मोठा फायदा हाच. दावा आणि पुरावा शेजारी आले की फुगवलेला दावा लपत नाही.

राहिला मूळ मुद्द्याशी सांधा. ‘अशा प्रकारे ही योजना हक्क ठरली’ असं लिहिणं म्हणजे पहिलंच वाक्य पुन्हा लिहिणं. सांध्याने मूळ मुद्द्याकडे एक पाऊल टाकायला हवं. दुरुस्त परिच्छेद असा होतो:

‘कायद्यापुरती तरी काम ही आता सरकारची मेहेरबानी राहिली नाही. १९७९पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मागणी करूनही पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता देणं बंधनकारक झालं. खर्चासाठी १९७५ सालीच व्यवसाय कर सुरू झालेला होता. दुष्काळी कामं दुष्काळ ओसरला की बंद होत. इथे मात्र चांगल्या पावसाच्या वर्षीही मजूर काम मागू शकत होता.’

शेवटच्या वाक्यात ‘हक्क’ हा शब्दही नाही, पण मदत आणि हक्क यांतला फरक त्यातच कळतो.

उरलेली तीन वाक्यं टाकून द्यायची नाहीत. दुष्काळ आणि पागे मिळून आधीचा परिच्छेद होईल, मात्र त्यालाही स्वतःचा दावा लागेल. केंद्राचा कायदा लेखाच्या अखेरीकडे जाईल. सगळी हलवाहलव झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचावं. तेवढ्यावरून लेखाचा युक्तिवाद कळला तर क्रम जमला. मध्येच उडी वाटली तर तिथे एखादा परिच्छेद कमी आहे किंवा जागा चुकली आहे.

ही रचना युक्तिवादाच्या लेखनासाठी आहे. प्रसंग सांगताना, व्यक्तिचित्र रंगवताना ती लावू नये. तिथे वाचकाला काय कळणार हे पहिल्याच वाक्यात सांगितलं, तर पुढचं वाचायला तो थांबणार नाही.