बरोबर घोडा, चुकीचा डाव

१९८०च्या दशकाच्या मध्यावर बिल बेंटर नावाचा एक अमेरिकन तरुण हाँगकाँगला पोचला. पत्ते मोजून खेळतो म्हणून लास वेगासच्या कॅसिनोंनी त्याला दारं बंद केली होती. हाँगकाँगमध्ये हॅपी व्हॅली आणि शा टिन अशी दोन रेसकोर्सं होती आणि दोन्हीकडे पैजेच्या पैशाला तोटा नव्हता. अ‍ॅलन वूड्स या भागीदाराला घेऊन बेंटरने जुन्या शर्यतींच्या नोंदी संगणकात भरल्या आणि प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढणारं गणित रचलं. सुरुवातीला पैसे गेले, पुढे मात्र त्याने याच गणितावर प्रचंड कमाई केली. १९९४ साली त्याने आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. त्या निबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे त्याने आपल्याच गणिताची घेतलेली झडती. पैज लावावीशी वाटावी अशा घोड्यांपाशीच त्याच्या गणिताचे आकडे फुगलेले निघत होते.

हे फुगणं एवढं महाग का पडतं, ते कळायला आधी पैज किती रुपयांची लावायची हा प्रश्न घ्यावा लागतो. कोणता घोडा हा एक प्रश्न, त्याच्यावर किती हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर १९५६ साली बेल लॅब्जमधल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने दिलं. खरखर असलेल्या तारेतून संदेश कितपत पोचतो, या विषयावर त्याचा निबंध होता. त्यात त्याने एक जुगारी कल्पिला. याला शर्यतीचा निकाल तारेवरून आधी कळतो, पण बातमी अधूनमधून चुकीची असते. त्याने दर वेळी भांडवलाचा कितवा हिस्सा लावला, तर त्याचा पैसा दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढेल?

जिंकल्यास लावले तेवढेच मिळतात, अशा पैजेपुरतं केलीचं उत्तर अगदी सोपं आहे. जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करा. नाणं ५५ टक्के वेळा आपल्या बाजूने पडत असेल, तर ५५ वजा ४५, म्हणजे भांडवलाचे १० टक्के लावायचे. या १० टक्क्यांना आपण सरशी म्हणू. सरासरी पाहता, लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे एवढे रुपये आपल्याकडे येतात.

सरशी आहे म्हटल्यावर जास्त का लावू नये? कारण भांडवल गुणाकाराने वाढतं आणि गुणाकारानेच घटतं. १० टक्के लावून एकदा जिंकलो आणि एकदा हरलो, तर १०० रुपयांचे ११० होतात आणि मग ९९. २० टक्के लावून तेच झालं तर ९६ उरतात, ३० टक्के लावून ९१. एक जीत आणि एक हार यांच्या जोडीमागे होणारी झीज १, ४, ९ रुपये अशी वाढते. डाव दुप्पट केला की झीज चौपट आणि तिप्पट केला की नऊपट. सरशीतून होणारी कमाई मात्र डावाच्या प्रमाणातच वाढते. १० टक्के डावावर ती दर पैजेमागे भांडवलाच्या १ टक्का असते आणि झीज अर्धा टक्का, म्हणून निव्वळ वाढ अर्धा टक्का. २० टक्के डावावर कमाई २ टक्के आणि झीजही २ टक्के, हाती काही नाही. ३० टक्क्यांवर कमाई ३ आणि झीज साडेचार.

१०,००० रुपये घेऊन याच नाण्यावर १०० डाव खेळलो आणि बरोबर ५५ जिंकलो असं धरू. दर वेळी १० टक्के लावले असतील तर शेवटी सुमारे १६,५०० रुपये होतात. २० टक्के लावले असतील तर ९,८६३. आणि ३० टक्के लावले असतील तर १,९७८ रुपये उरतात. नाणं तेच आणि जिंकलेले डावही तेच ५५. आपल्या बाजूने झुकलेल्या खेळात, एकही पैज अन्यायाची नसताना, माणूस चार-पंचमांश पैसा घालवून बसतो, तो फक्त डावाच्या आकारामुळे.

आता २० टक्के लावणारा माणूस बेफिकीर असेलच असं नाही. त्याने केलीचं सूत्र प्रामाणिकपणे पाळलेलं असू शकतं, फक्त नाणं ६० टक्के वेळा पडतं असा त्याचा समज असेल. ५५च्या जागी ६० हा अंदाज फार चुकला असं कोणी म्हणणार नाही. पण सूत्रात शक्यता थेट वापरली जात नाही, वापरली जाते सरशी, आणि सरशी ही दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी असते. शक्यतेतल्या पाच टक्क्यांच्या चुकीने सरशी दुप्पट दिसली, डाव दुप्पट झाला आणि वाढ शून्यावर आली. उलट दिशेची चूक मात्र सौम्य असते. ज्याने सरशी निम्मीच धरली आणि ५ टक्के लावले, त्याचे शंभर डावांनंतर सुमारे १४,५५० रुपये होतात. सर्वोत्तम वेगाच्या तीन-चतुर्थांश वेग त्याला निम्म्या डावात मिळतो.

घोड्यांच्या शर्यतीत हीच गोष्ट अधिक तीव्र होते. हाँगकाँगमध्ये पैजा टोटवर लागतात. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या टोटचीही रीत हीच: सगळा पैसा एका ठिकाणी जमा होतो, त्यातून ठरावीक कपात होते आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. समजा कपात साडेसतरा टक्के आहे आणि एक घोडा रुपयाला १० रुपये देतो आहे, म्हणजे लावलेला रुपया वगळता ९ रुपये नफा. याचा अर्थ लोकांनी आपल्या पैशाने या घोड्याची शक्यता सव्वाआठ टक्के ठरवली आहे. आपलं गणित म्हणतं, नाही, ती १५ टक्के आहे. तसं असेल तर लावलेल्या १०० रुपयांचे सरासरी १५० होतील, सरशी ५० टक्के. अशा पैजेत केलीच्या सूत्राप्रमाणे सरशीला नफ्याच्या पटीने भागायचं. ५० भागिले ९, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या किंचित वर. एक लाख भांडवलातले ५,५५६ रुपये.

पण खरी शक्यता ११ टक्के असेल तर? लोकांपेक्षा आपलं गणित तरीही बरोबर दिशेला आहे आणि सरशी तरीही १० टक्के आहे. पण योग्य डाव आता फक्त १,१११ रुपयांचा. आपण पाचपट लावतो आहोत. अशा १०० शर्यती धरल्या आणि त्यांत ११ जिंकल्या, तर योग्य हिश्शाने एक लाखाचे सुमारे १,०५,५०० होतात आणि फुगलेल्या हिश्शाने ५३,४००.

मग आकडा फुगतो का? गणित रचणारा आशावादी असतो म्हणून, हे उत्तर अपुरं आहे. गणित सरासरीने अगदी निर्दोष असलं तरी ही चूक होते, कारण ती निवडीतून येते. एका शर्यतीत दहा-बारा घोडे असतात. प्रत्येकाच्या शक्यतेचा आपला अंदाज थोडा वर किंवा थोडा खाली चुकतो. खाली चुकलेल्या घोड्यांवर आपण पैज लावतच नाही, त्यामुळे त्या चुका फारशा समोर येत नाहीत. पैज लागते ती आपला आकडा लोकांच्या आकड्यापेक्षा वर असतो तिथे, आणि वर चुकलेले घोडे नेमके त्या गटात गोळा होतात. शिवाय लोकांना असं काही ठाऊक असतं जे नोंदींत नाही. सकाळच्या कसरतीत घोडा कसा पळाला, पॅडॉकमध्ये कसा दिसत होता, तबेल्यातून काय कुजबुज आहे, हे सगळं भावात उतरलेलं असतं. म्हणून गणित आणि लोक यांच्यात जेवढी तफावत मोठी, तेवढा त्यातला आपल्या चुकीचा वाटाही मोठा असण्याचा संभव. आणि सूत्र तर सर्वांत मोठ्या तफावतीवर सर्वांत मोठा डाव लावायला सांगतं.

यावर बेंटरने दोन पायऱ्यांचा उपाय केला. आधी त्याने लोकांच्या भावालाच आपल्या गणितात घेतलं. आपली शक्यता आणि लोकांची शक्यता यांना जुन्या शर्यतींवरून वजन दिलं आणि दोहोंच्या मिश्रणातून नवा आकडा काढला. वरच्या उदाहरणातले १५ आणि सव्वाआठ मिसळून ११च्या आसपास येतात ते असे. त्यानंतर त्या सुधारलेल्या आकड्यावरही पूर्ण डाव न लावता त्याचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा लावायचा, ही दुसरी पायरी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण पहिली पायरी गाळतात आणि ‘अर्धा केली’ लावला की आपण सुरक्षित झालो असं समजतात. वरच्या घोड्यावर ते करून पाहा. फुगलेल्या डावाचा अर्धा, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या थोडं वर लावलं, तर त्याच १०० शर्यतींनंतर लाखाचे सुमारे ९५,००० होतात. अर्धा करूनही डाव योग्य आकाराच्या अडीचपट राहिला. आधी आकडा ११वर आणून मग अर्धा लावला, तर १,०४,२०० च्या जवळ पोचतो. पूर्ण हिश्शापेक्षा वाढ थोडी कमी, पण वाटेतली घसरण बरीच सौम्य. पूर्ण केलीवर आणि अचूक अंदाजावर खेळणाऱ्याचं भांडवल कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता, छोट्या डावांच्या हिशेबात, दोनात एक असते. अर्ध्या हिश्शावर ती आठात एक होते. माझ्या मते ज्याला आपल्या अंदाजाची खात्री पटवता येत नाही, त्याने पूर्ण हिस्सा लावूच नये, आणि अशी खात्री टोटवर कोणालाच पटवता येत नाही.

आपला आकडा फुगला आहे हे ओळखायला पैशाची वही फारशी कामाची नसते. लांब भावाचे दोन-चार घोडे आले किंवा चुकले की ती वर्षभर गोड किंवा कडू दिसते. घोडे मोजायचे. ज्या पैजांत आपण १५ टक्क्यांच्या आसपास शक्यता धरली होती, त्या वेगळ्या काढायच्या. अशा ४०० पैजा असतील तर ६० जिंकायला हव्यात, आणि निव्वळ योगायोगाने हा आकडा साधारण सातने इकडेतिकडे होईल. ५५ आल्या तर काळजीचं कारण नाही. ४४ आल्या तर ती तूट योगायोगाच्या मापाच्या दुपटीहून मोठी आहे आणि खरी शक्यता ११ टक्के आहे असं धरून चालायला हवं. हे मोजताना पैज लावलेलेच घोडे घ्यायला हवेत. सगळ्या घोड्यांची सरासरी काढली तर निवडीतून आलेली चूक तिच्यात बुडून जाते आणि गणित निर्दोष दिसतं.

मोजणीतून खरी शक्यता सव्वाआठ टक्केच निघाली, तर लोकांचा भाव बरोबर होता आणि कपातीनंतर त्या घोड्यावर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांत साडेसतरा जात होते. तिथे अर्धा हिस्सा, चौथा हिस्सा, दहावा हिस्सा, कशानेही फक्त तोट्याचा वेग बदलतो. केलीच्या सूत्रात सरशी शून्याखाली गेली की डावाचा आकडाही शून्याखाली जातो, म्हणजे त्या घोड्यावर काहीच लावायचं नाही.