फास्ट पेअर

फास्ट पेअर ही ब्लूटूथ उपसाधने फोनशी जोडण्यासाठी गूगलने 2017 मध्ये आणलेली पद्धत आहे. इअरबड्सची डबी फोनजवळ उघडली की पडद्याच्या खालच्या भागात उपसाधनाचे नाव व चित्र असलेली पट्टी येते आणि तिच्यावरील एका बटणाने पेअरिंग पूर्ण होते. ॲपलच्या एअरपॉड्ससोबत 2016 मध्ये आयफोनवर आलेली पट्टी आणि विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून लॅपटॉपवर मिळणारी स्विफ्ट पेअर सूचना या याच जातीच्या सोयी होत. मात्र तिन्हींचे संदेश एकमेकांना कळत नाहीत. केवळ फास्ट पेअर असलेल्या इअरबड्सची पट्टी आयफोनवर येत नाही. तेथे सेटिंग्जमधून नेहमीच्या पद्धतीने पेअरिंग करावे लागते.

कार्यपद्धती

पट्टी फोन दाखवतो, पण तिची सुरुवात उपसाधनाकडून होते. पेअरिंग अवस्थेत गेलेले इअरबड्स ब्लूटूथ लो एनर्जीवर सेकंदाला दहा किंवा अधिक वेळा एक छोटा संदेश प्रसारित करतात. त्यात फास्ट पेअरसाठी राखून ठेवलेला सेवा क्रमांक `FE2C` आणि त्यानंतर तीन बाइटांचा मॉडेल क्रमांक असतो. मॉडेल क्रमांक `123456` मानल्यास हवेतील संदेशाचा संबंधित भाग असा दिसेल:

```
06 16 2C FE 12 34 56
```

पहिला बाइट पुढे सहा बाइट आहेत हे सांगतो, तर `16` हा ही सेवेची माहिती असल्याचा निर्देश आहे. ब्लूटूथमध्ये अंकांचा लहान भाग आधी पाठवण्याचा प्रघात असल्याने `FE2C` येथे उलटा, म्हणजे `2C FE` असा येतो. शेवटचे तीन बाइट मॉडेल क्रमांकाचे होत.

या संदेशात उपसाधनाचे चित्र नसते. तेवढी जागाच नसते. फोन मॉडेल क्रमांक गूगलच्या सर्व्हरला विचारतो आणि तेथून नाव, चित्र व त्या मॉडेलची सार्वजनिक किल्ली मिळवतो. त्याचबरोबर, उपसाधनाने किती शक्तीने संदेश पाठवला आणि तो फोनपर्यंत किती क्षीण होऊन पोहोचला यांच्या फरकावरून फोन अंतराचा अंदाज बांधतो. उपसाधन पुरेसे जवळ वाटले तरच पट्टी दिसते. शेजारच्या खोलीतील इअरबड्सची पट्टी आपल्या फोनवर येऊ नये, यासाठी ही अट आहे.

वापरकर्त्याने बटण दाबल्यावर फोन स्वतःची तात्पुरती किल्ल्यांची जोडी तयार करतो, मॉडेलच्या सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने एक सामायिक गुपित काढतो आणि विनंती कूटबद्ध करून पाठवतो. योग्य खाजगी किल्ली असलेले उपसाधनच ती उलगडून आपला कायमचा ब्लूटूथ पत्ता परत देऊ शकते. प्रत्यक्ष ध्वनी वाहून नेणारी जोडणी यानंतर होते. एरवी दोन पडद्यांवरील सहा आकडी संकेतांक माणूस पडताळतो. इअरबड्सना पडदा नसल्याने ते काम येथे दोन्ही यंत्रे आपसांत करतात.

खाते किल्ली

पेअरिंग झाल्यावर फोन उपसाधनात सोळा बाइटांची ‘खाते किल्ली’ लिहितो आणि तिची नोंद वापरकर्त्याच्या गूगल खात्यातही ठेवतो. त्यामुळे त्याच खात्याच्या दुसऱ्या फोनला किंवा टॅबलेटला ते उपसाधन ओळखता येते. पेअरिंग अवस्थेत नसलेले उपसाधन मॉडेल क्रमांक प्रसारित करत नाही. त्याऐवजी ते आपल्याजवळच्या खाते किल्ल्यांपासून बनवलेली एक गाळणी पाठवते. किल्ली ज्याच्याजवळ आहे तो फोन ती गाळणीत बसते का हे पाहू शकतो. वाटेने जाणाऱ्याला त्या बाइटांतून काही उमगत नाही. गाळणीच्या संदेशात ‘सूचना दाखवा’ किंवा ‘दाखवू नका’ असा निर्देशही असतो. उपसाधन ओळखले जाऊनही पडदा शांत राहतो, तेव्हा कधी कधी उपसाधनानेच तसे सांगितलेले असते.

पट्टी न येण्याची कारणे

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे उपसाधन पेअरिंग अवस्थेतच नसणे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने नवे इअरबड्स प्रथम लॅपटॉपशी सेटिंग्जमधून जोडले. संध्याकाळी ती डबी फोनजवळ उघडते. टेबलावरील लॅपटॉप चालू असतो. इअरबड्स आपला जुना सोबती शोधतात आणि क्षणात त्याला जाऊन मिळतात. मॉडेल क्रमांकाचे प्रसारण सुरूच होत नाही. फोनची खाते किल्लीही उपसाधनात लिहिलेली नसल्याने गाळणीचा उपयोग नाही. येथे फोन पुन्हा सुरू करून काही साधत नाही. लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद करून डबीवरील बटण, दिवा पेअरिंगच्या पद्धतीने लुकलुकेपर्यंत, दाबून धरावे लागते. डबीचे झाकण उघडणे म्हणजे पेअरिंग सुरू करणे, हा समज अनेक उपसाधनांबाबत फक्त पहिल्या वेळेपुरता खरा असतो.

दुसरा गट फोनचा आहे. फास्ट पेअर हा अँड्रॉइडच्या गाभ्याचा नव्हे, तर गूगल प्ले सर्व्हिसेसचा भाग आहे. म्हणून तो अँड्रॉइड 6.0 इतक्या जुन्या फोनवरही चालतो. उलट गूगलच्या सेवा नसलेल्या नव्या फोनवर मुळीच चालत नाही. ब्लूटूथसोबत स्थान सेवाही चालू असावी लागते. आसपासच्या ब्लूटूथ संदेशांवरून माणूस कोठे आहे हे ताडता येते, म्हणून अँड्रॉइडने हे शोधकाम स्थानाच्या परवानगीशी बांधले. ‘ब्लूटूथ चालू आहे, तरी पट्टी नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. इंटरनेट नसल्यास नव्या मॉडेल क्रमांकाचे नाव व चित्र मिळत नाही. पट्टी नाकारल्यावर फोन त्या उपसाधनाची पट्टी काही काळ दडपून ठेवतो. पुनःपुन्हा नाकारणाऱ्याला ती नंतर हवी असूनही दिसत नाही. लॅपटॉपवर मात्र आधी `Show notifications to connect using Swift Pair` हा पर्याय चालू आहे का, हे पाहावे.

दोष कोणत्या बाजूला आहे, हे ब्लूटूथ संदेश दाखवणाऱ्या एखाद्या ॲपने ठरवता येते. `nRF Connect` हे असे एक मोफत ॲप आहे. त्यात `FE2C` खाली नेमके तीन बाइट दिसले, तर उपसाधन आपले काम करत असून अडचण फोनच्या बाजूला शोधावी. `00` ने सुरू होणारी अधिक लांब माहिती दिसली, तर उपसाधन जागे आहे पण पेअरिंग अवस्थेत नाही. `FE2C` मुळीच आढळला नाही, तर उपसाधन बंद तरी असेल, दुसऱ्या यंत्रात गुंतलेले तरी असेल किंवा त्यात फास्ट पेअर नसेलच. यांपैकी शेवटच्या शक्यतेसाठी खोक्यावरील फास्ट पेअरचे चिन्ह पाहणे पुरते.

सुरक्षितता

मॉडेल क्रमांक कूटबद्ध नसतो. तो कोणीही प्रसारित करू शकतो. 2023 मध्ये फ्लिपर झीरोसारख्या छोट्या यंत्रांतून खोटे संदेश पाठवून आसपासच्या फोनवर पट्ट्यांचा भडिमार करण्याचे प्रकार गाजले. आयफोन, अँड्रॉइड आणि विंडोज यांपैकी कोणीच यातून सुटले नाही. मूळ मॉडेलची खाजगी किल्ली नसल्याने अशा खोट्या फास्ट पेअर उपसाधनाशी होणारी देवाणघेवाण पुढे अडते, पण पट्टी मात्र दिसतेच.

याच्या उलट बाजूचा दोष अधिक गंभीर ठरला. पेअरिंग अवस्थेत नसताना आलेली नवी विनंती उपसाधनाने फेटाळावी, असे फास्ट पेअरचा नियम सांगतो. ही तपासणी बाजारातील अनेक उपसाधने करत नसल्याचे बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2026 च्या जानेवारीत जाहीर केले. अशा उपसाधनाशी जवळचा त्रयस्थ मालकाला न विचारता पेअरिंग करू शकतो. हा दोष उपसाधनातील सॉफ्टवेअरमध्ये असल्याने फोन अद्ययावत करून तो जात नाही. उत्पादकाच्या ॲपमधून उपसाधनाचे फर्मवेअर बदलावे लागते.