आकडा अडला, म्हणून मुदत हवी

एमबीएच्या वर्गात 'बिझनेस केस रिपोर्ट' म्हणजे एखाद्या खऱ्या धंद्यापुढचा पेच मांडायचा, त्याचे आकडे तपासायचे आणि शेवटी मालकाने काय करावं ते ठामपणे सांगायचं. असा अहवाल वेळेत होत नाही तेव्हा विद्यार्थी प्राध्यापकांना पत्र लिहितो. 'काही अपरिहार्य कारणास्तव मुदत वाढवून मिळावी' अशी त्यातली बरीच पत्रं असतात. ती उद्धट नसतात, पण त्यांतून प्राध्यापकांच्या हाती काहीच लागत नाही. काय अडलंय, किती झालंय आणि आणखी किती दिवस लागतील, हे कळल्याशिवाय त्यांनी निर्णय तरी कसा घ्यायचा?

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक विद्यार्थिनी सासवडकडच्या एका छोट्या फरसाण कारखान्यावर अहवाल लिहिते आहे. मालकांना 12 लाखांचं पॅकिंग मशीन घ्यायचंय. प्रश्न एवढाच, की त्यासाठी बँकेचं कर्ज काढावं का? वर्षाची विक्री 1 कोटी 46 लाख, म्हणजे दिवसाला सरासरी 40 हजार. मालक सांगतात, "आमची उधारी 45 दिवसांत वसूल होते." पण बोलताना त्यांनीच ओझरतं सांगितलं, की मार्चअखेर दुकानदारांकडून 36 लाख येणं होतं. 36 लाखांना 40 हजारांनी भागलं की 90 दिवस येतात. हे खरं असेल तर 45 दिवसांची विक्री, म्हणजे 18 लाख रुपये, बाजारात जादा अडकलेत. ते वसूल झाले तर मशीनसाठी कर्जाची गरजच उरत नाही. अहवालाचा निष्कर्ष या एका आकड्यावर फिरतो, आणि तो वह्यांवरून तपासायला हवा. वह्या अकाउंटंटकडे आहेत आणि ते 20 तारखेपर्यंत जीएसटीच्या विवरणपत्रात गुंतलेत. अहवालाची मुदत मात्र 18 नोव्हेंबरची आहे.

हे लक्षात येताच, 14 तारखेला, तिने लिहावं ते पत्र असं:

'आदरणीय मॅडम, फरसाण कारखान्यावरच्या अहवालासाठी 18 ऐवजी 23 नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. पेचाची मांडणी, खर्चाचा हिशेब आणि तिन्ही पर्याय लिहून झाले आहेत. येणे बाकीचा तक्ता राहिला आहे. मालकांनी सांगितलेली वसुलीची मुदत आणि बाकीची रक्कम जुळत नाही. अकाउंटंट 21 तारखेला वह्या दाखवणार आहेत. त्यांचा निरोप सोबत जोडला आहे. या केसवर वर्गात 25 तारखेला चर्चा आहे, त्याआधी अहवाल आपल्याकडे येईल. आपण सांगितल्यास 18 तारखेला आहे तसा मसुदा देते. आपली विद्यार्थिनी,' आणि खाली नाव, रोल नंबर, विषय.

या पत्रातलं 25 तारखेचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक पत्रांत तेच नसतं. केसचा अहवाल साध्या गृहपाठासारखा नाही. वर्गात चर्चा झाली की फळ्यावर सगळे पर्याय, त्यांतले खाचखळगे आणि बहुधा उत्तरही येतं. त्यानंतर आलेला अहवाल विद्यार्थिनीच्या स्वतःच्या विचाराचा आहे की ऐकीव, हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून चर्चेनंतरची तारीख मागितली तर उदार प्राध्यापकही नाइलाजाने नकार देतात. चर्चेआधी देणं शक्यच नसेल, तर दुसऱ्या केसवर अहवाल लिहायची तयारी दाखवणं रास्त.

कारण आजारपणाचं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं. दुखण्याची सविस्तर हकिगत लिहायची गरज नाही. आकडे मिळत नाहीत असं कारण असेल, तर ते केव्हा मागितले होते हेही लिहावं. आदल्या आठवड्यात मागितलेले आणि आदल्या रात्री मागितलेले आकडे यांत प्राध्यापक फरक करणारच, आणि तो करायलाच हवा. वर्गातल्या बाकीच्यांनीही असेच कोणाच्या तरी मागे लागून आकडे मिळवलेले असतात.

मॅडमचं उत्तर साधं 'हो' किंवा 'नाही' असेलच असं नाही. 'मसुदा 18 लाच द्या, 23 पर्यंत फक्त तक्ता आणि शिफारस बदला,' असं त्या म्हणू शकतात. मला ही तोड चांगली वाटते. बाकीचं काम वेळेत झालं होतं हे मसुद्यावरून दिसतं, आणि तिलाही वाढीव दिवसांत सगळा अहवाल नव्याने लिहिण्याची सवलत मिळत नाही. होकार मिळाला की महाविद्यालयाच्या मूडलवर आपल्या नावापुढची तारीख बदलली का, तेही बघून घ्यावं. तिथे मुदत एकेका विद्यार्थ्यासाठी वेगळी वाढवता येते, पण ती प्राध्यापकांनाच वाढवावी लागते. ते राहून गेलं, तर परवानगी असूनही अहवाल उशिरा आल्याची नोंद होते.

आणि 21 तारखेलाही वह्या मिळाल्या नाहीत, तर पुन्हा मुदत मागू नये. दोन्ही आकडे अहवालात द्यावेत आणि लिहावं: वसुली 45 दिवसांत होत असेल तर कर्ज काढा, 90 दिवस लागत असतील तर आधी उधारी वसूल करा.