पाच निकष आणि पाच मिनिटे

इन्स्पायर-मानक योजनेत शालेय विद्यार्थ्याच्या निवडलेल्या कल्पनेसाठी १० हजार रुपये मिळतात आणि त्यातून उभे राहिलेले उपकरण आधी जिल्हा, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय प्रदर्शनात मांडले जाते. कल्पना पाच निकषांवर तोलली जाते: नावीन्य, समाजोपयोगिता, पर्यावरणपूरकता, वापरातील सुलभता आणि उपलब्ध साधनांपेक्षा सरसपणा. निकष आधीपासून जाहीर असतात. तरीही बहुतेक सादरीकरणे उपकरणाचे भाग सांगण्यातच संपतात आणि दोन-तीन निकषांविषयी परीक्षकाच्या कानावर एकही वाक्य पडत नाही. तेथे त्याला अंदाजाने गुण द्यावे लागतात, आणि असा अंदाज सहसा बेताचाच असतो.

हिंगोली जिल्ह्यातील एक कल्पित उदाहरण घेता येईल. वसमत परिसरात हळद काढणीनंतर शिजवतात आणि उन्हात पसरतात. पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा हा थर वाळायला दहा ते पंधरा दिवस लागतात. याच काळात अवकाळी पाऊस आला, तर हळद भिजते, बुरशी धरते आणि रंग उतरतो. समजा, आठवीतील एका विद्यार्थिनीने पावसाचे थेंब पडताच हळदीवर ताडपत्री ओढणारे उपकरण केले आहे. तिच्या हाती पाच मिनिटे आहेत.

पहिले काम कागदावरचे. कागदाचे तीन रकाने करून डावीकडे निकष, मधल्या रकान्यात त्या निकषासाठी बोलायचे नेमके वाक्य आणि उजवीकडे ते बोलताना परीक्षकाला काय दिसेल हे लिहायचे. उजवा रकाना सर्वांत कसोटीचा. ‘सोपे आहे’ हे वाक्य झाले. कोणाची मदत न घेता ताडपत्री पुन्हा गुंडाळून दाखवणे हा पुरावा झाला. रकाना रिकामा राहिला, तर दोष भाषणात नसून बहुधा कामातच असतो. प्रदर्शनापूर्वी तो दुरुस्त करायला वेळ मिळतो, हा या तक्त्याचा मोठा फायदा.

नावीन्य आणि सरसपणा या दोहोंची गल्लत सर्वाधिक होते. एकच वाक्य दोन्हीकडे वापरले, की एक घर रिकामेच राहते. पाऊस ओळखणारा संवेदक बाजारात मिळतो, म्हणून ‘पाऊस ओळखणारे यंत्र’ हे नावीन्य नव्हे. या उदाहरणात नवे असेल ते असे: पाऊस थांबल्यावर ताडपत्री आपोआप मागे सरते, कारण ओल्या हळदीवरच्या ताडपत्रीखाली वाफ कोंडली तर तीही नुकसान करते. सरसपणाची तुलना मात्र शेतकरी आज जे करतो त्याच्याशी हवी. तो पळत येऊन हाताने ताडपत्री टाकतो. म्हणून हाताने झाकायला आणि उपकरणाला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजून शेजारी-शेजारी लिहावा. तुलना आकड्यांवाचून केली, तर ती केवळ दावा ठरते.

समाजोपयोगितेच्या जागी शेतकऱ्याच्या कष्टांवर भावपूर्ण बोलणे हा नेहमीचा मोह. परीक्षकाला उत्तर हवे असते ते हे उपकरण कोणाला, किती खर्चात आणि आणखी कोणत्या पिकाला उपयोगी पडेल याचे. मिरची किंवा सोयाबीनवर चाचणी केली असेल तरच त्यांचे नाव घ्यावे. पर्यावरणपूरकतेला दोन वाक्ये पुरतात: वीज कोठून येते आणि ताडपत्री किती हंगाम टिकते.

वेळेची वाटणी गुणांप्रमाणे करावी. पाचही निकषांना समान गुण धरले आणि पहिली चाळीस सेकंदे समस्या सांगण्यासाठी ठेवली, तर प्रत्येकाला सुमारे पन्नास सेकंद येतात. विद्युतजोडणीचे सविस्तर वर्णन या वाटणीत बसत नाही. ते प्रश्नोत्तरांसाठी राखावे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निकषाचाच शब्द उच्चारावा, म्हणजे ‘वापरायला सुलभ कसे, ते आता दाखवते’ असे म्हणावे. परीक्षकाचा पेन योग्य ओळीवर येतो तो अशा वाक्याने.

तयारी पारखण्यासाठी विषय न जाणणाऱ्या एखाद्याला पाच निकषांचा कोरा कागद द्यावा आणि प्रत्येकासमोर ऐकलेले व पाहिलेले लिहायला सांगावे. भाषण संपल्यावर जे घर रिकामे किंवा संदिग्ध दिसेल, त्याच भागाचे वाक्य बदलावे. संपूर्ण भाषण पुन्हा लिहिण्याची गरज नसते. ऐकणाऱ्याने एकच मुद्दा दोन घरांत लिहिला असेल, तर त्या दोन भागांतील फरक बोलण्यात उतरलेला नाही असे समजावे.

प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी येऊन मधूनच प्रश्न विचारतो, कधी थेट खर्चावरच येतो. क्रमाने पाठ केलेले भाषण तेथे मोडते. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, मागचा संदर्भ न घेता बोलता यायला हवा. फलकावरही पाच निकषांची पाच ठळक शीर्षके आणि प्रत्येकाखाली एकच पुरावा असावा, म्हणजे बोलायचा राहिलेला भाग परीक्षक स्वतः वाचू शकतो. आयोजकांनी दिलेल्या गुणपत्रकात निकषांची नावे किंवा गुण वेगळे असतील, तर तक्ता त्या पत्रकाप्रमाणे नव्याने करावा. आणि उपकरण पाऊस थांबल्यावर खरोखरच मागे सरत नसेल, तर नावीन्याच्या घरात ते वाक्य लिहूच नये. परीक्षक पाण्याचे चार थेंब टाकून ते तेथेच तपासतो.